वर्डकॅम्पच्या रजिस्ट्रेशन डेस्कवरून तिकीट नसलेल्या काकांना परत पाठवलं तेव्हा

जानेवारीत आमच्या भागात वर्डकॅम्प झाला, त्यात मी रजिस्ट्रेशन डेस्कला व्हॉलंटियर होते. कुठल्या शहरातला ते लिहीत नाही कारण ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्या काकांची ओळख पटायला नको. वर्डकॅम्प माहीत नसेल तर थोडक्यात, वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर वापरणारे लोक एकत्र येऊन भरवतात ती कॉन्फरन्स, आयोजक, स्पीकर, व्हॉलंटियर कुणालाच पैसे मिळत नाहीत, खर्चाचा मोठा भाग स्पॉन्सर उचलतात आणि म्हणून तिकीट स्वस्त असतं. आमचं सहाशे रुपये होतं, दिवसभराचा कार्यक्रम, नाश्ता, जेवण, दोनदा चहा आणि टीशर्ट धरून. व्हॉलंटियरना तिकीट फुकट.

हे लिहायचं कारण म्हणजे व्हॉलंटियरचा फॉर्म भरताना सगळे "रजिस्ट्रेशन डेस्क" वर टिक करतात, सोपं काम वाटतं म्हणून. बॅज द्यायचा आणि हसायचं. पण कुणालातरी "नाही" म्हणायची वेळ येतेच, आणि ते कसं म्हणायचं हे कुणी बसून सांगत नाही. मला जे करावं लागलं ते क्रमाने लिहिते, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

व्हॉलंटियरचा कॉल नोव्हेंबरमध्ये निघाला, मी फॉर्म भरला आणि उत्तर यायला तीन आठवडे लागले. मग डिसेंबरमध्ये एक ऑनलाइन मीटिंग झाली, त्यात डेस्कची पद्धत सांगितली. वर्डकॅम्पची तिकिटं कॅम्पटिक्स नावाच्या प्लगइनमधून विकली जातात. डेस्कवरच्या लोकांना त्याची एक खासगी लिंक मिळते, ती फोनवर उघडली की सगळ्या तिकीटधारकांची यादी दिसते, नाव शोधायचं, आला की टिक करायची. लिंक कुणालाही फॉरवर्ड करायची नाही कारण त्यात लोकांची नावं आहेत. आणि नियम एकच सांगितला, यादीत नाव नसेल तर वाद घालायचा नाही, होही म्हणायचं नाही, माणसाला हेल्प डेस्कला घेऊन जायचं. हेल्प डेस्क म्हणजे रांगेपासून लांब ठेवलेलं वेगळं टेबल, तिथे आयोजकांपैकी एकजण लॅपटॉप घेऊन बसतो, त्याला आतलं सगळं दिसतं, म्हणजे कुठल्या तिकिटाचे पैसे आले, कुठल्याचे आले नाहीत, कुठलं रद्द झालं. हे टेबल वेगळं असणं फार महत्त्वाचं आहे. एक अडलेला माणूस रांगेत उभा राहिला की मागचे वीस जण अडकतात, आणि त्या माणसाचं सगळं बोलणं त्या वीस जणांना ऐकू जातं.

तिकिटं कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी संपली होती. तीनशे. हॉलची परवानगीच तेवढ्या खुर्च्यांची होती आणि केटररला आकडा मंगळवारी दिला होता. त्यानंतर ज्यांनी मेल केले त्यांची वेटिंग लिस्ट केली होती, त्यात पन्नासच्या आसपास नावं होती. कुणी कळवलं की मला यायला जमत नाही, तर लिस्टमधल्या पहिल्याला मेल जायचा. हा मुद्दा पुढे येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बॅज लावायला बसलो. हे काम वाटतं त्यापेक्षा किचकट आहे कारण आपल्याकडे लोक तिकीट काढताना नाव वाट्टेल तसं टाकतात. कुणी आधी आडनाव, कुणी नुसतं इनिशियल, कुणी नावाच्या खान्यात कंपनीचं नाव. आम्ही पहिल्या नावाने इंग्रजी वर्णक्रम लावला आणि चार टेबलं केली, आणि ज्यांची नावं शंकास्पद होती त्यांची एक वेगळी चिठ्ठी करून प्रत्येक टेबलावर चिकटवली. यादीची छापील प्रतही ठेवली. सकाळी हॉलचं वायफाय खरंच बसलं आणि पहिली पंधरा मिनिटं आम्ही कागदावरच टिक करत होतो, तेव्हा ही प्रत काढून ठेवाच. कोरे बॅज आणि जाड मार्करही हवेत, कारण तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं. मेलमध्ये एक लिंक येते, तिथून नाव आणि मेल आयडी बदलता येतो, पण तोवर बॅज छापून झालेला असतो.

शनिवारी साडेसातला दार उघडलं. नऊ वाजेपर्यंत डोकं वर काढायला वेळ नव्हता.

काका आले सव्वानऊच्या सुमारास. पन्नाशी पार केलेले, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात मोबाइल आधीच उघडून धरलेला. म्हणाले, "ताई, हे आमचं तिकीट." स्क्रीनवर बँकेचा एसएमएस होता, सहाशे रुपये डेबिट, यूपीआय, तारीख साधारण तीन आठवड्यांपूर्वीची. मी नाव विचारलं, शोधलं, नाही. आडनावाने शोधलं, नाही. मेल आयडीने, नाही. म्हटलं काका दुसऱ्या कुणाच्या नावावर काढलं असेल का, मुलाच्या वगैरे, तर म्हणाले, "नाही हो, मीच काढलं, पैसे कट झालेत की."

मी टेबल शेजारच्या मुलीकडे सोपवलं आणि त्यांना हेल्प डेस्कला घेऊन गेले. जाताना एक गोष्ट ठरवून केली, "बघू, होईल काहीतरी" असं म्हटलं नाही. हे वाक्य आपल्या तोंडात बसलेलं असतं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपण ते टाकतो, आणि मग तो अर्धा तास त्याच आशेवर बसतो. मी एवढंच म्हटलं, "यादीत तुमचं नाव दिसत नाहीये. पैशांचं काय झालं ते आपण आत्ता शोधू, सगळं तुमच्यासमोर." खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पहाटे चारच्या एसटीने निघाले होते, तालुक्याच्या गावाहून, बस बदलून. त्यांचा गुळाचा धंदा. स्वतः वेबसाइट केली होती, वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचं वूकॉमर्स हे प्लगइन टाकून, कुणाला पैसे न देता, यूट्यूबवर बघून बघून.

आता शोधाशोध कशी केली ते नीट लिहिते कारण हा घोळ आपल्याकडे ऑनलाइन पैसे भरताना कुठेही होऊ शकतो.

आमच्या आयोजकाने (याला मी दादा म्हणते) त्यांचा मेल आयडी टाकून आतल्या बाजूला शोधलं. तिथे एन्ट्री सापडली, काकांचं नाव, मेल, टीशर्टचा साइझ एक्स्ट्रा लार्ज, सगळं होतं, पण पुढे स्टेटस होतं `Timeout`. याचा अर्थ, माणसाने फॉर्म भरला, पैसे भरायच्या पानावर गेला, पण पैसे मिळाल्याचं उत्तर तिकिटाच्या सिस्टिमकडे आलंच नाही. सिस्टिम काही वेळ वाट बघते आणि मग ते अर्धवट तिकीट बाद करते. बाद झालेलं तिकीट विक्रीच्या आकड्यात धरलं जात नाही, तेवढी जागा पुन्हा मोकळी होते आणि दुसरा कुणीतरी ती घेतो. म्हणजे काकांची जागा होती आणि ती गेली होती.

काका म्हणाले, "पण पैसे तर गेलेत." दादाने त्यांना बँकेच्या ॲपमध्ये स्टेटमेंट उघडायला सांगितलं, एसएमएस नाही, स्टेटमेंट. मी शेजारी बसले. डेबिटची ओळ सापडली, तिथे बारा आकडी यूपीआय रेफरन्स नंबर होता. मग तिथून पुढे एकेक दिवस खाली येत गेलो. वीजबिल, रिचार्ज, कुणाकुणाचे गुळाचे पैसे. आणि चौथ्या दिवशी सहाशे रुपये जमा, पुढे रिव्हर्सल, आणि तोच बारा आकडी नंबर. पैसे परत आले होते. त्या दिवशी त्यांच्या खात्यात सात-आठ रकमा जमा झाल्या होत्या, त्यात हे सहाशे त्यांना दिसले नाहीत, आणि कुणाला दिसले असते?

याला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 2019 च्या सप्टेंबरमधला. यूपीआयने दुकानदाराला पैसे भरले, आपल्या खात्यातून गेले पण तिकडे पोचल्याची पक्की खबर आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. काकांचे वेळेत परत आले होते. कुणी त्यांना फसवलं नव्हतं, कुणी त्यांचे पैसे ठेवून घेतले नव्हते. पण त्यांना तिकीटही मिळालेलं नव्हतं, आणि तिकिटाचा मेल आला नाही म्हणून त्यांनी आम्हाला कधी लिहिलंही नव्हतं, कारण त्यांच्या लेखी बँकेचा मेसेज हीच पावती होती. गावाकडच्या माणसाला का वाटू नये? दुकानात आपण तेच करतो ना, फोन दाखवला की माल हातात.

काका थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग खिशात हात घालून म्हणाले, "बरं मग आता रोख देतो की. सहाशे ना?"

इथे मला सांगावं लागलं. दादा सांगणार होता, पण त्यांना मी घेऊन आले होते आणि ते माझ्याकडे बघत होते, म्हणून मीच सांगितलं. "काका, पैशांचा प्रश्न नाही. तिकिटं संपलीत, त्यामुळे आज तुम्हाला आत सोडता येणार नाही." एका दमात सांगितलं. आधी सॉरी आणि मग लांबण लावली तर मुख्य वाक्य हरवतं आणि मग ते पुन्हा सांगावं लागतं, ते जास्त वाईट.

ते म्हणाले, "मी जेवणार नाही. मागं उभा राहतो. टीशर्ट पण नको." मला हे ऐकवलं नाही. खरंच सांगते, त्या क्षणी माझा बॅज काढून त्यांना द्यावा असं वाटलं.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो अगदी बरोबर होता. टेबलावर न उचललेले बॅज दिसत होते. "हे सगळे येणार आहेत का?" नाही येणार, दर वेळी काहीजण येत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सव्वानऊला कुणाला माहीत असतं की कोण येणार नाही? लोक अकराला येतात, जेवायच्या वेळेला येतात, आपण ज्याची खुर्ची दिली तो दारात उभा राहिला तर त्याला काय सांगणार, त्याने पैसे भरलेत, त्याच्याकडे मेल आहे. आणि समजा जागा रिकामी राहिलीच, तरी त्या जागेवर पहिला हक्क वेटिंग लिस्टमधल्या पन्नास जणांचा. त्यांनी मेल करून विचारलं, त्यांना "येऊ नका" असं कळवलं, आणि ते ऐकून ते घरी बसले. त्यातही कुणीतरी लांबचं असेल, कुणाचातरी धंदा असेल. जो दारात येऊन उभा राहतो त्याला सोडायचं आणि ज्याने आमचं ऐकलं तो बाहेर, हे मला पटत नव्हतं, आजही पटत नाही. त्याच सकाळी दोन कॉलेजच्या मुलांना आणि एका स्पॉन्सर कंपनीतल्या जास्तीच्या माणसाला मी परत पाठवलं होतं. तो स्पॉन्सरचा माणूस चांगलाच चिडला होता. त्याला नाही आणि काकांना हो, हे करायला मला मनापासून आवडलं असतं, पण मग ते तिकीट राहत नाही, माझी मर्जी होते.

अजून एक कारण आहे जे बाहेरून दिसत नाही. तिकिटाच्या फॉर्ममध्ये विचारतात की जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे का, काही विशेष सोय लागेल का, आणि वागणुकीचे नियम मान्य आहेत का. यादीतल्या प्रत्येकाचं हे आमच्याकडे असतं. आत एखादी गडबड झाली, कुणाला चक्कर आली, तर आत कोण आहे हे माहीत असावं लागतं. उभ्या माणसांनी रस्ता अडला तर हॉलवाले तक्रार करतात ते वेगळंच.

हे सगळं मी काकांना ऐकवत बसले नाही. वेटिंग लिस्टचं मात्र सांगितलं, कारण ते त्यांनी विचारलं होतं आणि खरं उत्तर तेच होतं. ऐकून ते म्हणाले, "म्हणजे माझ्या आधी पन्नास जण आहेत." म्हटलं हो. मग त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग मी विचारलं, "काका, आज आत काय ऐकायचं होतं तुम्हाला?" हा प्रश्न तुम्हीही विचारा, कारण आपण तिकीट देऊ शकत नसलो तरी माणूस जे घ्यायला आला होता त्यातलं काहीतरी बाहेरही देता येतं. पिशवीतून त्यांनी वही काढली. त्यात कार्यक्रमपत्रिकेतली तीन सेशन लिहिली होती आणि एक प्रश्न. ते एक किलोची आणि पाच किलोची ढेप विकतात, पार्सलचा खर्च वेगवेगळा, पण साइटवर सगळ्याला एकच डिलिव्हरी चार्ज लागतो, मोठ्या ढेपेत तोटा होतो.

मी म्हटलं, साडेदहाला माझी पाळी बदलते, तोवर थांबाल का? समोरच्या टपरीवर चहा घ्या. वर्डप्रेसचे एक जाणकार, जे आमच्या मीटअपला नेहमी येतात आणि त्या दिवशी व्हॉलंटियर होते, त्यांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. टपरीच्या बाकावर आम्ही तिघं बसलो, काकांनी फोनवरच साइटचं ॲडमिन उघडलं.

वूकॉमर्समध्ये वजनावरून चार्ज लावायची सोय मुळात नसते, त्याला वेगळं एक्स्टेन्शन लागतं. पण ज्याच्याकडे दोनच वजनं आहेत त्याचं फुकटात भागतं. शिपिंग क्लास, म्हणजे पार्सलच्या खर्चाचे गट, दोन करायचे, लहान ढेप आणि मोठी ढेप, आणि प्रत्येक प्रॉडक्टला आपापला क्लास लावायचा. मग झोनमध्ये, म्हणजे माल जिथे पाठवायचा त्या भागासाठी, फ्लॅट रेट घेऊन दोन्ही क्लाससमोर वेगळा खर्च टाकायचा. काकांनी सांगितलेल्या आकड्यांवरून लहानला

```
50 * [qty]
```

आणि मोठीला

```
180 * [qty]
```

इथे `[qty]` म्हणजे गिऱ्हाइकाने घेतलेले नग. खाली हिशोबाची पद्धत "प्रत्येक क्लासचा वेगळा" अशी ठेवायची, नाहीतर जो सगळ्यात महाग क्लास आहे तेवढाच लागतो. आणि वरचा सगळ्यांना लागू होणारा खर्च शून्य. मग दोन लहान आणि एक मोठी अशी ऑर्डर टाकून पाहिली, शंभर अधिक एकशे ऐंशी, दोनशे ऐंशी आले. काकांनी वहीत आधी हाताने केलेला आकडा तोच होता. त्यांनी त्यावर गोल केला.

निघायच्या आधी दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, सेशनची रेकॉर्डिंग नंतर `WordPress.tv` वर येतात, फुकट, फक्त कधीकधी काही आठवडे लागतात, त्यांच्या वहीतल्या तिन्ही सेशनची नावं होतीच. दुसरी, आमची महिन्याची मीटअप, तिला तिकीट नसतं, फक्त येणार असं ऑनलाइन कळवायचं असतं. साडेअकराच्या गाडीने ते गेले. एसटीचे येण्याजाण्याचे पैसे त्यांचे गेलेच, त्याचं मी काही करू शकले नाही आणि ते मला अजून लागतं.

संध्याकाळी टेबलं आवरताना चाळीसेक बॅज उरले होते. शेवटचा माणूस साडेचारला बॅज घ्यायला आला होता, हेही सांगते. पण चाळीस ही संख्या बघून मी दादाशी बोलले आणि सोमवारच्या आढावा मीटिंगला दोन गोष्टी मांडल्या, दोन्ही मान्य झाल्या. पुढच्या वेळी आठवडाभर आधी सगळ्यांना मेल जाईल की येणार नसाल तर आत्ता सांगा, तिकीट दुसऱ्याला देता येईल, आणि ती जागा वेटिंग लिस्टला जाईल. दुसरं, पैसे भरायच्या पानावर मराठीत ठळक ओळ येईल: बँकेचा मेसेज म्हणजे तिकीट नाही, तिकिटाचा मेल आला तरच तिकीट. अर्ध्या तासात मेल नाही आला तर स्पॅम बघा, तिथेही नसेल तर त्याच दिवशी यूपीआयचा बारा आकडी नंबर लिहून आयोजकांना कळवा. त्याच दिवशी, कारण तेव्हा तिकिटं शिल्लक असतात.

`Timeout` वाल्या एन्ट्रीची यादीही आता एकजण दर दोन दिवसांनी बघणार आहे आणि त्यांना मेल करणार आहे. मेल आयडी सिस्टिममध्ये असतोच.

काकांचा बुधवारी व्हॉट्सॲप आला. महाराष्ट्रातल्या ऑर्डरींना चार्ज नीट लागतोय पण सुरतच्या गिऱ्हाइकाला पुण्याचाच चार्ज लागला. बघितलं तर त्यांनी भारत नावाचा एकच झोन ठेवला होता. वूकॉमर्स वरून खाली बघत जातं आणि पत्ता ज्या पहिल्या झोनमध्ये बसतो तोच धरतं, म्हणून महाराष्ट्राचा वेगळा झोन करून तो वर, आणि भारताचा त्याच्या खाली, वाढीव दराने. फेब्रुवारीच्या मीटअपला येतो म्हणालेत, येणार असल्याचं ऑनलाइन कळवलंही आहे, नाव यादीत आहे, मी बघितलं.